डबीवर नाव आपलं, फॉर्म्युला कुणाचा?

दुसऱ्याच्या कारखान्यात क्रीम बनवून घेऊन सोलापुरात स्वतःचा स्किनकेअर ब्रँड काढू पाहणारे बरेच जण माझ्याकडे येतात आणि पहिल्यांदा विचारतात, "मिनिमम ऑर्डर किती असते?" मी त्यांना सांगते, कारखान्याला आधी विचारा की क्रीम बनवायचं सगळ्यात लहान भांडं, म्हणजे व्हेसल, किती किलोचं आहे. खरी मिनिमम ऑर्डर तिथे ठरते. क्रीम करताना तेलाचा आणि पाण्याचा भाग वेगवेगळा तापवून होमोजनायझरखाली एकजीव करतात. माल फार कमी असला तर होमोजनायझरचं डोकं पुरतं बुडत नाही, क्रीममध्ये हवा शिरते. म्हणून ५० किलोच्या व्हेसलमध्ये कुणी १० किलोची बॅच घेत नाही. माझं मॉइश्चरायझर ५० किलोच्या बॅचमध्ये निघतं. व्हेसलला, पाइपला आणि फिलिंगमध्ये दोनेक किलो जातं, म्हणजे ५० ग्रॅमच्या साडेनऊशेच्या आसपास डब्या हाती येतात.

पण छापील ट्यूब घ्यायला गेलात, तर ट्यूबवाला काही हजारांच्या खाली बोलत नाही. क्रीम हजार डब्यांचं आणि पॅकिंग पाच हजारांचं, असा पैसा अडकतो. पहिल्या बॅचला तयार डबी आणि वर स्टिकर हाच रस्ता बरा. याला आणखी एक कारण आहे. लेबलवर कारखान्याचं नाव, पत्ता आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक छापावा लागतो. उद्या कारखाना बदलला तर छापून ठेवलेल्या ट्यूब वाया जातात.

कारखाना बदलता येईल की नाही, हे मात्र फॉर्म्युल्यावर ठरतं, आणि नवीन माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं माझं ठाम मत आहे. कारखान्याचा तयार फॉर्म्युला घेतलात तर तो त्यांचाच राहतो. तीच क्रीम दुसऱ्या नावाने शेजारच्या दुकानात असू शकते. कमी भांडवलात सुरुवात करताना त्यात काही वावगं नाही. फक्त गिऱ्हाइकाला "आमचा खास फॉर्म्युला" असं सांगू नका.

डेव्हलपमेंटचे पैसे भरून वेगळा फॉर्म्युला करून घेत असाल तर गोष्ट वेगळी. "मॅडम, फॉर्म्युला तुमचाच की हो!" असं तोंडी सगळेच म्हणतात. पण करारात लिहिलेलं नसेल तर पैसे भरल्याची पावती तुमची, आणि फॉर्म्युला कारखान्याच्या फायलीत. लेबलवरच्या घटकांच्या यादीवरून तो परत उभा करता येत नाही, कारण तिथे प्रमाण नसतं आणि एक टक्क्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून मी करारात तीन कागद मागितले. एक, प्रत्येक घटकाची टक्केवारी, व्यापारी नाव आणि पुरवठादार. दुसरा, बनवायची पद्धत: कुठला भाग किती अंशांपर्यंत तापवायचा, सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह कधी घालायचं. तिसरा, तयार मालाची मानकं: पीएच, घट्टपणा, रंग, वास. शिवाय एक वाक्य घातलं: माझ्या लेखी परवानगीशिवाय कच्चा माल बदलायचा नाही.

हे वाक्य पुढच्याच बॅचला कामी आलं. क्रीम हाताला पातळ लागली. पीएच बरोबर होता, कारखान्याच्या सर्टिफिकेटवर "पास" लिहिलेलं होतं. पण मंजूर केलेल्या बॅचचा सीलबंद नमुना मी जपून ठेवला होता. दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक लपला नाही, आणि लॅबमध्ये व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, निम्म्याच्या जवळ आली. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या इमल्सिफाइंग वॅक्सचा पुरवठादार बदलला होता. करार समोर ठेवल्यावर कारखान्याने ती बॅच परत घेतली.

असा सीलबंद नमुना तुमच्याकडे एक आणि कारखान्याकडे एक असावा, दोघांच्या सह्यांनिशी.

सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी एक चाचणी मी कधीच सोडत नाही. मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि कुरिअरच्या गाडीत त्याहून जास्त. त्यामुळे विकायच्याच डबीत भरलेली क्रीम ४५ अंशांवर ठेवून बघायला सांगा. भारतीय मानकातली ४८ तासांची चाचणी ही किमान आहे. नवीन फॉर्म्युल्याला मी तीन महिने देते. वर तेलाचा थर, कडेला पाणी, खवट वास किंवा पीएच सरकणं, यातलं काही दिसलं तर बॅच घेऊ नका. पीएचकडे विशेष लक्ष द्या, कारण सोडियम बेंझोएटसारखं प्रिझर्व्हेटिव्ह आम्लधर्मी क्रीममध्येच नीट काम करतं. पीएच वर गेला की बुरशीला वाट मिळते, आणि डोळ्यांना ती दिसेपर्यंत माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेला असतो.

म्हणून जंतूंची तपासणी प्रत्येक बॅचची, एनएबीएल मान्यताप्राप्त बाहेरच्या लॅबमधून, आणि नमुना भरलेल्या डब्यांतून आपण स्वतः उचललेला असावा. पेमेंटही त्याला बांधून घ्या: निम्मे आधी, उरलेले तो रिपोर्ट हातात आल्यावर, माल कारखान्यातून हलायच्या आत.