छोट्या खोलीतलं पोर्ट्रेट: खिडकीचा उजेड कापायचा कसा

पोर्ट्रेट शिकायला आलेली मुलं हमखास विचारतात, "सर, अजून एक लाइट घेऊ का?" चांगली खिडकी असेल तर मी सांगतो, आधी आहे तो उजेड कमी करून बघ.

समजा 10 बाय 12 ची खोली आहे, भिंती पांढऱ्या, एक मोठी खिडकी आणि त्यातून थेट ऊन येत नाही. माणसाला खिडकीपासून 3 फुटांवर बसवा, खिडकी त्याच्या डाव्या हाताला. छोट्या जागेपुरता उजेड मोजणाऱ्या स्पॉट मीटरने दोन्ही गाल मोजले तर फरक बऱ्याचदा एक-दीड स्टॉपचाच निघतो. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. चेहरा सपाट दिसतो आणि दोष खिडकीला दिला जातो. खरं तर खिडकीतून आलेला उजेड समोरच्या भिंतीवर आपटून उजव्या गालावर परत येत असतो.

हा परतीचा उजेड अडवणं म्हणजे निगेटिव्ह फिल. उजव्या गालापासून फूट-दीड फुटावर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, काळं कापड किंवा काळा रंगवलेला थर्माकोलचा मोठा शीट उभा करा. तोच 5 फूट मागे नेला की वरून, खालून, बाजूने उजेड पुन्हा शिरतो. किती मोठा लागेल हे ठरवायला तुमचा डोळा त्या गालाशी न्या आणि तिथून उजवीकडे बघा. जे जे पांढरं दिसेल ते गाल उजळतंय. मांडीवरची पांढरी ओढणीसुद्धा. कापड मखमलीचं असेल तर उत्तम. सॅटिन काळं असलं तरी चमकतं, त्यामुळे उपयोगाचं नाही.

आता मोजलं तर फरक अडीच-तीन स्टॉपपर्यंत जाऊ शकतो. एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवून उजळ गालासाठी लावा, नाहीतर फ्रेममधला काळोख बघून कॅमेरा सगळंच उजळवेल आणि मेहनत पाण्यात. मग नाक हळूहळू खिडकीकडे वळवत न्या. सावलीतल्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण दिसला की थांबा.

एवढं करूनही मागची भिंत उजळ राहते, आणि तिथे फ्लॅग, म्हणजे उजेड अडवणारा काळा बोर्ड, लागतो. आपल्याकडे सेटवर त्याला कटरही म्हणतात. माणसाच्या मागच्या बाजूला, खिडकी आणि भिंत यांच्यामध्ये काळा सनबोर्ड उभा धरा. तो खिडकीजवळ ठेवला तर भिंतीवरची सावली अलगद विरत जाते. भिंतीजवळ नेला तर कडा कडक दिसते आणि बोर्ड ठेवल्याचं लगेच कळतं. मला पहिलंच आवडतं.

काळे केस मागच्या काळोखात बुडत असतील तर बोर्ड थोडा सरकवा, म्हणजे सावलीच्या बाजूची भिंत केसांपेक्षा किंचित उजळ राहील. काळं कापड मात्र तिथेच राहू द्या. ते हलवलं तर गाल पुन्हा सपाट होईल.