शेवटी ‘आगाऊ धन्यवाद’ लिहावे का, आणि नको असेल तर काय लिहावे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत एक अडचण नेहमीची आहे. शेताची पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, कन्नडमध्ये असते आणि घरातल्या पुण्या-कोल्हापुरात नोकरी करणाऱ्या पोरांना ती वाचता येत नाही. मग गावातल्या, कन्नड येणाऱ्या निवृत्त सरांना व्हॉट्सअॅपवर मेसेज जातो:

‘नमस्कार सर, सोबत पहाणीचा फोटो पाठवला आहे. त्यातला कन्नड मजकूर मराठीत लिहून शुक्रवारपर्यंत पाठवावा. आगाऊ धन्यवाद.’

उद्धट यात काही नाही. तरी सर वाचून ‘बघतो’ एवढंच लिहितात आणि गप्प बसतात. होय म्हणायची संधीच त्यांना मिळाली नाही. काम त्यांनी घेतलं असं धरून आभारही उरकून टाकले. हा मेसेज असा सुधारावा.

पहिल्यांदा बघा, समोरच्याला ‘नाही’ म्हणता येतंय का. कुरिअरवाल्याला पत्ता पाठवताना किंवा पैसे भरून मागवलेल्या वस्तूच्या चौकशीत ‘आगाऊ धन्यवाद’ खुशाल लिहा. ते काम त्याला करायचंच आहे. तहसीलदार कार्यालयाच्या अर्जात मात्र ‘ही विनंती’ आणि ‘आपला विश्वासू’ एवढं पुरतं. अर्ज कन्नडमध्ये असेल तर ‘वंदनेगळोंदिगे’ लिहून सही करावी. आमचे सर यांपैकी कशातच बसत नाहीत. वयाने मोठे, पगार नाही, बंधन नाही. तिथं ही ओळ काढायची.

मग मागणं लहान करा. नुसती शेवटची ओळ खोडून भागत नाही, कारण खरा भार ‘सगळा मजकूर’ आणि ‘शुक्रवारपर्यंत पाठवावा’ यांत आहे. तुम्हाला पहाणीतून नक्की काय हवंय? बहुतेक वेळा मालकांची नावं आणि जमिनीवर बँकेचा बोजा आहे का, एवढंच. तेवढंच विचारा. तारीख द्यायची असेल तर तिचं कारणही द्या, नाहीतर ती हुकमासारखी वाटते.

आणि शेवट प्रश्नावर आणा. ‘पाठवावा’च्या जागी ‘सांगता येईल का?’ आलं की उत्तर देणं सरांच्या हातात राहतं. ‘जमल्यास आभारी राहीन’ हेही चालतं, कारण त्यातले आभार ‘जमल्यास’ला बांधलेले आहेत. सुधारलेला मेसेज असा:

‘नमस्कार सर. सोबत आमच्या शेताच्या पहाणीचा फोटो आहे. सगळं लिहून काढायची गरज नाही. मालक म्हणून कुणाची नावं आहेत आणि बँकेचा बोजा दिसतो का, एवढं वाचून सांगता येईल का? सोमवारी सोसायटीत कागद द्यायचा आहे. तुम्हाला सवड नसेल तर तसं कळवा, मी खानापुरात दुसऱ्या कुणाला तरी विचारेन.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. दुसरं कुणी नसताना ‘विचारेन’ म्हटलं, सरांनी खरंच नाही म्हटलं आणि तुम्ही परत त्यांच्याकडेच गेलात, तर ते आगाऊ आभारांपेक्षा वाईट दिसतं.

उलट्या टोकालाही जाऊ नका. ‘त्रास देतोय, माफ करा, तुमचा वेळ घेतोय’ असं तीनदा लिहिलं की सरांना आधी तुमची समजूत काढावी लागते. तसदीबद्दल एक ओळ पुरे. माझं विचाराल तर अशा कामाला व्हॉइस मेसेज बरा. ‘जमतंय काय बघा की सर’ यातला सूर लिहिताना येत नाही.

यावर एक आकडा लोक हमखास पुढे करतात. बूमरँग या ईमेल-सेवेने 2017 मध्ये साडेतीन लाखांहून जास्त ईमेल-संवाद तपासले, तेव्हा ‘थँक्स इन अॅडव्हान्स’ने संपणाऱ्यांना सर्वाधिक, 65.7 टक्के, उत्तरं मिळाली होती. पण ते ईमेल इंग्रजीतले, ऑनलाइन गटांतले होते. शिवाय उत्तर आलं म्हणजे काम झालं असं नाही. सरांचं ‘बघतो’ हेही उत्तरच.

चार दिवस काही कळलं नाही तर एकदाच आठवण करा: ‘सर, पहाणी बघायला जमलं का? नसेल तर मी दुसरी सोय करतो.’ आठवणीत पुन्हा धन्यवाद घालू नका, त्याने तगादा वाटतो.

काम झाल्यावर मात्र आभार राखून ठेवू नका, आणि काय उपयोग झाला ते सांगा: ‘सर, बोजा नाही हे तुमच्यामुळे कळलं. आजोबांचं नाव अजून तसंच आहे, म्हणून आता वारसाची नोंद करायला देतो.’ नुसता हात जोडलेला इमोजी इथं कमी पडतो.