अठरा जून, पाच गुणांसाठी
म्हापशात बारावीच्या मुलांची इतिहासाची शिकवणी सुरू केली, त्या पहिल्याच वर्षी मी वसाहतवादविरोधी चळवळींच्या घटकावर अपेक्षित प्रश्न काढले. त्यातला एक असा: ‘18 जून 1946 च्या मडगावच्या सभेविषयी माहिती लिहा. (5 गुण)’ आणि नमुना उत्तरही झोकात लिहिलं. डॉ. राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे आले, भर पावसात सभा झाली, दोघांना अटक झाली. मुलांनी ते तोंडपाठ केलं.

सराव परीक्षेत मी प्रश्नाचं शेपूट बदललं: ‘...सभेचे महत्त्व स्पष्ट करा.’ सगळ्यांनी तोच पाऊस पाडला. गुण कुठे द्यावेत, मलाच कळेना. चूक माझीच होती. ‘माहिती लिहा’ म्हटलं की मुलं गोष्ट सांगतात.

तेव्हापासून मी उत्तर लिहायच्या आधी गुण वाटून टाकते. या प्रश्नात पार्श्वभूमीला एक, घटनेला एक, परिणामांना दोन आणि मर्यादेला एक. असोळणा, पाऊस, अटक, सगळं त्या घटनेच्या एका गुणात बसवायचं. मग उत्तर असं होतं:

‘पोर्तुगालमधील सालाझारच्या राजवटीत 1930 च्या वसाहत कायद्याने गोव्याचे दुय्यम स्थान पक्के केले. सभा आणि छपाई यांवर सरकारी परवानगीची बेडी होती. लोहिया व मिनेझिस यांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली व त्यांना अटक झाली. त्यामुळे कायदेभंगाचा मार्ग उघड झाला आणि पुढे गोमंतकीय कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी सत्याग्रह केले. सरकारने दडपशाही वाढवली; त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात कैदेत ठेवले. मात्र या सभेची तातडीची मागणी नागरी स्वातंत्र्याची होती. गोवा मुक्त व्हायला पुढे 1961 उजाडले.’

शेवटच्या वाक्यावर सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने मला अडवलं. “टीचर, मुक्ती मिळाली नाही तर मग महत्त्व कसलं?” मला त्या शंकेत आठ गुणांचा प्रश्न दिसला: ‘भारत 1947 मध्ये स्वतंत्र झाला, तरी गोव्याच्या मुक्तीला विलंब का झाला?’ यात मुलं हमखास ब्रिटिशांना आणून बसवतात. म्हणून नमुना उत्तराचं पहिलंच वाक्य मी ‘गोव्यावर सत्ता पोर्तुगालची होती, त्यामुळे ब्रिटिश गेल्याने ती संपली नाही’ असं ठेवते. मग 1951 मध्ये वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणण्याची पोर्तुगालची चाल, त्याचं नाटो सदस्यत्व आणि भारत सरकारचा बराच काळ वाटाघाटींवर राहिलेला भर. 15 ऑगस्ट 1955 चा सत्याग्रह आणि गोळीबार इथे येतोच. पण 1954 च्या तेरेखोलच्या सत्याग्रहाशी त्याची गल्लत होते, कारण दोन्ही पंधरा ऑगस्टचे. गुणवाटपाच्या कागदावर त्या दोन वर्षांखाली मी लाल रेघ मारून ठेवली आहे.