दुकानाच्या पोस्टसाठी गुरुमुखीत वैशाखीच्या शुभेच्छा कशा लिहाव्यात

नांदेडमध्ये हजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून येणारे भाविक बाजारातही फिरतात. दरवर्षी १३ किंवा १४ एप्रिलला येणाऱ्या वैशाखीला त्यांच्या लिपीत दोन ओळी लिहायच्या असतील, तर लांबलचक मजकूर नको. समजा, दुकान 'गणेश मिठाई भंडार' आहे. मग एवढे पुरे:

```
ਸਾਰਿਆਂ ਨੂੰ ਵਿਸਾਖੀ ਦੀਆਂ ਲੱਖ-ਲੱਖ ਵਧਾਈਆਂ!
ਗਣੇਸ਼ ਮਿਠਾਈ ਭੰਡਾਰ, ਨਾਂਦੇੜ ਵੱਲੋਂ
```

उच्चार साधारण असा: 'सारिआं नूं विसाखी दीआं लक्ख-लक्ख वधाईआं. गणेश मिठाई भंडार, नांदेड वल्लों.' म्हणजे सर्वांना वैशाखीच्या लाख लाख शुभेच्छा, अमुक दुकानाकडून. 'वल्लों' म्हणजे 'कडून', आणि मराठीसारखाच तो नावाच्या मागे येतो. 'वधाईआं' अनेकवचनी स्त्रीलिंगी असल्याने त्याआधी 'दीआं' हवे, 'दी' लिहिले की व्याकरण चुकते. तीच गोष्ट आणखी थोडक्यात सांगायची असेल तर 'ਵਿਸਾਖੀ ਮੁਬਾਰਕ' हे दोन शब्दही चालतात.

आधी फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीतून पंजाबी जोडा. जोडताना ती 'ਪੰਜਾਬੀ' अशी लिहिलेली आहे ना, हे पाहा, कारण पाकिस्तानातली पंजाबी शाहमुखी या उर्दूसारख्या लिपीत लिहिली जाते. मराठीतून लिपी बदलून घेण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण तो इथे फसतो. 'लक्ख' असे देवनागरीत लिहून बदलले तर 'ਲਕ੍ਖ' असे पाय मोडलेले अक्षर येते, आणि 'लख' लिहिले तर जोर हरवतो. गुरुमुखीत अक्षराचे द्वित्व दाखवायला अद्दक नावाची छोटी चंद्रकोर असते. ती दुहेरी होणाऱ्या अक्षराच्या आधीच्या अक्षरावर बसते. म्हणून क्रम असा: ਲ, मग ੱ, मग ਖ. 'ਵੱਲੋਂ' मध्येही तसेच.

दुसरी अडचण अनुस्वाराची. मराठीत एकच टिंब सगळीकडे चालते, गुरुमुखीत त्याच्या जागी दोन चिन्हे आहेत. काना, दीर्घ वेलांटी किंवा मात्रा असलेल्या अक्षरावर बिंदी येते, म्हणून 'ਨਾਂਦੇੜ' मध्ये 'ना' वर साधे टिंब आहे. नुसत्या अक्षरावर, ऱ्हस्व वेलांटीवर आणि दोन्ही उकारांवर टिप्पी ही छोटी कमान येते, म्हणून 'ਭੰਡਾਰ' आणि 'ਨੂੰ'. या दोन्ही चिन्हांची अदलाबदल ही परक्या माणसाच्या लिखाणातली सर्वात ठळक खूण आहे. शिवाय 'गणेश' मधला श हा ਸ खाली टिंब देऊन होतो. ते टिंब द्यायचे राहून गेले तर दुकानाचे नाव 'गणेस' होते.

तपासताना देवनागरीच्या सवयीवर विसंबू नका. गुरुमुखीतला ਸ आपल्याला 'म' वाटतो आणि ਧ तर हुबेहूब 'प' दिसतो. त्यामुळे 'वधाईआं' नीट लिहिलेले असूनही मराठी डोळा 'वपाईआं' वाचतो आणि बरोबर अक्षर चुकीचे समजून 'सुधारले' जाते.

चित्रात मजकूर बसवताना मुक्ता माही किंवा बलू पाजी हे मोफत फॉन्ट घ्या. मुंबईच्या एक टाइपने मराठीच्या मुक्ता आणि बलूसोबत ते केलेले असल्याने दोन्ही लिप्या शेजारी शोभतात. जुन्या फ्लेक्सच्या फाइलमधला मजकूर मात्र थेट उचलू नका. अनमोल लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'ਵਿਸਾਖੀ' आतून `ivswKI` अशी साठवलेली असते, आणि फॉन्ट नसलेल्या फोनवर पोस्टमध्ये तीच इंग्रजी अक्षरे दिसतात. ओळींमध्ये थोडी जास्त जागा सोडा. 'ਨੂੰ' ला वर टिप्पी आणि खाली उकार असतो, चौकट आवळली की त्यातले एक कापले जाते. तयार चित्र फोनवर लहान करून अद्दक आणि टिंबे दिसतात का ते पाहा.

मजकूर पंजाबी वाचणाऱ्या एखाद्या ग्राहकाला मोठ्याने वाचायला द्या. 'लक्ख' आणि 'वल्लों' वर जोर ऐकू आला नाही, तर अद्दक कुठेतरी गळली आहे. 'बरोबर आहे का?' असे विचारू नका, संकोचाने लोक हो म्हणतात.

ੴ हे चिन्ह, गुरबाणीची ओळ किंवा गुरूंचे चित्र भाव-सवलतीच्या शेजारी ठेवू नका. सवलतीची पोस्ट वेगळी करा. लोहडी आणि गुरुपरब यांना हीच ओळ चालते. 'ਵਿਸਾਖੀ' च्या जागी 'ਲੋਹੜੀ' घाला, किंवा 'ਗੁਰਪੁਰਬ' (तेव्हाही पुढचा शब्द 'दीआं' तसाच राहतो, कारण तो सणाशी नव्हे, वधाईशी जुळतो). पण शहीदी दिवसांना, म्हणजे गुरू अर्जन देव, गुरू तेग बहादुर किंवा गुरू गोविंदसिंगांचे पुत्र साहिबजादे यांच्या डिसेंबरअखेरच्या स्मरणदिनी, 'वधाईआं' कधीही लिहू नये. त्या दिवशी 'ਕੋਟਿ ਕੋਟਿ ਪ੍ਰਣਾਮ' एवढेच लिहा, आणि मिठाईचा फोटोही लावू नका.