तीन कोटेशनं, तीन तऱ्हा: आरएफपी कसा सुधारला

शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री, ईआरपी, म्हणजे स्टोअरपासून हिशेबापर्यंत सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरलं आणि मी आरएफपी, म्हणजे प्रस्ताव मागवायचं पत्र, म्हणून तीन वेंडरना नुसता मेल टाकला की आमची गरज ही, रेट द्या. आलं काय, तर एकाचा रेट दर युजर दर महिना, दुसऱ्याचा एकरकमी पण एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा खर्च, वेगळा, तिसऱ्याच्यात ट्रेनिंगचा उल्लेखच नाही. आता तुलना कशाची करायची, कपाळाची?

दुसऱ्यांदा रेटचा तक्ता मीच बनवून दिला. 12 युजर, 5 वर्षं, लायसन्स, ट्रेनिंग, एएमसी सगळं वेगळ्या रकान्यात, फुकट असेल तर शून्य लिहा पण रिकामं सोडू नका. टेक्निकलला 60 मार्क, किमतीला 40, हे आधीच छापलं. किमतीचे मार्क म्हणजे सगळ्यात कमी रक्कम भागिले त्या वेंडरची रक्कम गुणिले 40.

खरी गंमत टेक्निकलमध्ये. आधी नुसतं ‘अनुभव 15 मार्क’ लिहिलेलं, त्यात मी 12 देणार आणि आमचे अकाउंटंट 6. मग फोड केली, फौंड्रीत चालू असलेलं एक काम दाखवलं तर 5, दोन असतील तर 10, तीन किंवा जास्त असतील तर 15. हीट नंबर, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर, त्यावरून रिजेक्ट कास्टिंग शोधून दाखवायचा डेमो, त्याला 20.

तिसऱ्यानं तक्ता भरलाच नाही, तो बाद. 9 लाखवाल्याला किमतीचे 40, 12 लाखवाल्याला 30, पण टेक्निकलला 37 आणि 51, म्हणजे 77 विरुद्ध 81. किमतीचं पाकीट टेक्निकल मार्कांवर सह्या झाल्यावरच फोडलं, नाहीतर मालकांनी 9 लाख बघून तिथंच हो म्हटलं असतं. एक मात्र राहिलंच, युजर 12चे 20 झाले तर रेट काय, हे विचारलं नव्हतं.