प्रात्यक्षिकाच्या व्हिडिओवरून वापरपुस्तिका: लिहायला बसण्यापूर्वीची तयारी

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतून यंत्र विकणाऱ्या उद्योजकाकडे बहुतेक वेळा प्रदर्शनासाठी केलेला एक व्हिडिओ तयार असतो, आणि ‘यात सगळं आहे, यावरून मराठीत पुस्तिका करून द्या’ असे तो सांगतो. मी अलीकडे असे काम केले ते म्हशी-गायींची धार काढणाऱ्या बादलीच्या यंत्राचे, आणि पुढची यादी त्याच कामाच्या आधाराने लिहिली आहे. व्हिडिओ ७ मिनिटे ४० सेकंदांचा होता, दिसायला नेटका होता, आणि पुस्तिकेला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्यात नव्हत्या. विक्रीसाठी केलेल्या व्हिडिओत यंत्र किती सोपे आहे हे दाखवायचे असते, त्यामुळे जिथे थांबावे लागते, वाट बघावी लागते किंवा हात काळजीपूर्वक चालवावा लागतो, तेच क्षण संकलनात कापले जातात. म्हणून तयारीचा मोठा भाग हा व्हिडिओत काय नाही ते शोधण्याचा असतो.

सर्वप्रथम व्हिडिओची मूळ फाइल मागवावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत चालत नाही, कारण पाठवताना ती दाबली जाते आणि मीटरवरचे आकडे पुसट होतात. चित्रीकरण करणाऱ्याकडे न कापलेले तुकडे शिल्लक असतील तर तेही मागावेत आणि त्यांतला मूळ आवाज टिकवून ठेवायला सांगावे. माझ्या व्हिडिओवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सनईचे संगीत घातले होते, त्यामुळे कपांतले रबर ठरावीक तालात आवळणाऱ्या पल्सेटरची टकटक, म्हणजे यंत्र नीट चालले आहे याची गोठ्यात मिळणारी पहिली खूण, कुठेच ऐकू येत नव्हती. सोबत यंत्राचा मॉडेल क्रमांक विचारून घ्यावा आणि आज विकले जाणारे यंत्र व्हिडिओतलेच आहे का, याची फोनवर नव्हे तर यंत्र समोर ठेवून खात्री करावी. आमच्या बाबतीत व्हिडिओतल्या रेग्युलेटरला पितळी नट होता आणि नव्या यंत्राला प्लॅस्टिकची फिरकी होती. ‘पान्याने अर्धा आटा सैल करा’ असे लिहून छापले असते तर पहिल्याच ग्राहकाने फिरकी मोडली असती.

त्यानंतर व्हिडिओ आवाज बंद करून एकदा पूर्ण पाहावा आणि दुसऱ्यांदा पाहताना वेळेनुसार नोंदवही करावी: किती मिनिट-सेकंदाला कोणता हात काय करतो, आणि त्यानंतर यंत्रात काय बदलते. या नोंदीत निवेदकाचे शब्द लगेच मिसळू नयेत, कारण तो बोलतो एक आणि हात करतो दुसरेच, असे बऱ्याचदा घडते. मग दृश्य कुठे कुठे कापले आहे ते शोधावे. त्यासाठी ही आज्ञा उपयोगी पडते. दृश्य बदलले की त्या ठिकाणचे चित्र ती वेगळे काढून ठेवते आणि वेळही दाखवते.

```
ffmpeg -i demo.mp4 -vf "select='gt(scene,0.3)',showinfo" -fps_mode vfr cut_%03d.jpg
```

पण हिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर असताना मधलाच भाग कापला असेल तर दोन्ही चित्रे जवळपास सारखी असतात आणि तो काप सुटून जातो, ०.३ ऐवजी ०.१ केले तर थोडे अधिक सापडतात, पण शेपूट हलली तरी त्याचीही नोंद होते. नेमके असेच काप पुस्तिकेच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात, म्हणून VLC मध्ये `E` कळ दाबत एकेक चित्र पुढे सरकवत डोळ्यांनीच पाहावे. बादलीतली दुधाची पातळी एकदम वर गेली, गेजचा काटा एका चित्रात शून्यावर आणि पुढच्यात वर दिसला, जनावराचा पाय जागा बदलून उभा राहिला, भिंतीवरची सावली सरकली, की मधे वेळ गिळला आहे असे समजावे आणि नोंदवहीत तिथे लाल खूण करावी. माझ्या साडेसात मिनिटांच्या व्हिडिओत अशा अकरा खुणा झाल्या.

त्यांतल्या दोन खुणा इथे सविस्तर सांगतो. २ मिनिटे ५० सेकंदांना कास धुऊन कोरडी पुसलेली दिसते आणि ८ सेकंदांनी चारही कप सडांना लागलेले दिसतात. व्हिडिओत शांत संकरित गाय होती. गायीला कास चोळल्यापासून पान्हा सोडायला साधारण मिनिटभर लागतो. म्हशीला बऱ्याचदा दोन-तीन मिनिटे, कधी त्याहून जास्त. ज्यांच्यासाठी पुस्तिका होती त्या करवीर आणि पन्हाळ्याकडच्या गोठ्यांत म्हशीच जास्त. व्हिडिओ पाहून कोणी आठ सेकंदांत कप लावले तर पान्हा न सोडलेल्या सडांवर कोरडे यंत्र ओढत राहते, म्हैस लाथ झाडते आणि ‘यंत्र आमच्या म्हशीला चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून पुस्तिकेत तिथे सेकंदांचा आकडा न देता पाहता येण्यासारखी खूण दिली: प्रत्येक सडातून पहिल्या काही धारा हाताने वेगळ्या भांड्यात काढून दूध तपासावे, आणि सड भरून ताठ झाले की मगच कप लावावेत.

दुसरी खूण त्याहून गंभीर होती. ५ मिनिटे १५ सेकंदांना दूध पडताना दिसते आणि पुढच्याच चित्रात भरलेली बादली हसऱ्या मालकाच्या हातात. कप काढतानाचा प्रसंग व्हिडिओत नव्हताच. न कापलेल्या तुकड्यांत तो सापडला, पण गायीच्या मागच्या पायाआड. एकेक चित्र सरकवल्यावर कळले की यंत्र बसवणाऱ्या मिस्त्रीचा अंगठा आधी चारही कप जिथे जोडलेले असतात त्या क्लॉवरचा व्हॉल्व्ह बंद करतो, तो एक श्वास थांबतो आणि मग कप आपसूक त्याच्या हातात सैल पडतात. निर्वात चालू असताना कप ओढून काढले तर सडाच्या टोकाला इजा होते आणि कासदाहाला वाट मिळते. मिस्त्रीला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘ते काय सांगायचं साहेब, ते हातालाच कळतं.’ जे अनुभवी हाताला कळते म्हणून कोणी सांगत नाही, ते पुस्तिकेत स्वतंत्र पायरी म्हणून आलेच पाहिजे आणि इजेचा इशारा त्या पायरीच्या आधी छापला पाहिजे, कारण वाचणारा एकीकडे वाचत दुसरीकडे करत असतो. तेव्हा तयारीत या माणसाचा आणि यंत्राचा निदान अर्धा दिवस पक्का करून ठेवावा.

आता निवेदनाकडे यावे. ‘मशीन चालू करा, व्हॅक्यूम पंचेचाळीसवर आला की कप लावा’ या एका वाक्याच्या मला चार पायऱ्या कराव्या लागल्या. क्लॉचा व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करावी. मोटर चालू करावी. गेजचा काटा स्थिर होईपर्यंत थांबावे. मग व्हॉल्व्ह उघडून एका कपात अंगठा घालून १५ सेकंदांत रबर किती वेळा आवळते ते मोजावे. या यंत्राचा पल्सेटर मिनिटाला ६० वेळा चालतो, म्हणजे १५ च्या आसपास आकडा यायला हवा. पंचेचाळीस या आकड्यातही अडचण होती. गेजवर दोन मापे असतात, आतले किलोपास्कलमध्ये आणि बाहेरचे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. ४५ किलोपास्कल म्हणजे बाहेरच्या मापावर साधारण ३४०. निवेदक आतले माप वाचत होता, पण डोळ्यांत भरत होते ते बाहेरचे मोठे आकडे. अशा ठिकाणी मापाचे नाव लिहून भागत नाही, काटा जिथे यायला हवा तिथे हिरवा पट्टा दाखवलेले गेजचे चित्रच द्यावे लागते.

लिहिण्याआधी नावेही पक्की करावीत. एकाच सुट्या भागाला निवेदकाने लायनर, मिस्त्रीने रबर आणि पावतीवर कंपनीने ‘टीट कप इन्सर्ट’ म्हटले होते. पुस्तिकेत एका वस्तूला एकच नाव ठेवावे, तेही ग्राहक दुकानात मागताना जे उच्चारतो ते. आम्ही ‘लायनर (रबर)’ असे एकदा सांगून पुढे सगळीकडे लायनर ठेवले. कास, सड, पान्हा, दावण हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत, त्यांना पुस्तकी प्रतिशब्द शोधत बसू नये.

चित्रांबाबत हिशेब आधीच करून ठेवावा. व्हिडिओचे पूर्ण चित्र १९२० पिक्सेल रुंद असते आणि छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ते कागदावर जेमतेम १६ सेंटिमीटर होते. त्यातला फक्त व्हॉल्व्ह कापून घ्यायचा, तो चित्राच्या एक चतुर्थांश रुंदीचा असेल तर ४ सेंटिमीटरपेक्षा मोठा छापता येत नाही, शिवाय हलत्या हाताची धूसरता त्यात असतेच. म्हणून व्हिडिओतली चित्रे कच्च्या मसुद्यापुरती वापरावीत आणि जवळून दाखवायच्या पायऱ्यांचे फोटो नव्याने काढावेत, तेही धार काढायला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या जागेवरून. प्रेक्षकांना दिसावे म्हणून व्हिडिओचा कॅमेरा समोरच्या बाजूला होता, आणि त्यावरून मी पहिल्या मसुद्यात डावा-उजवा उलटा लिहून बसलो होतो.

मसुदा झाला की तो ज्याने हे यंत्र कधी चालवले नाही अशा माणसाच्या हाती द्यावा आणि आपण तोंड मिटून शेजारी बसावे. पहिली फेरी जनावराशिवाय करावी: चारही कप पाण्याच्या बादलीत बुडवले की यंत्र पाणी ओढते आणि सगळ्या जोडण्या तपासून होतात. आमच्या चाचणीला बसलेल्या बाईंनी एक पायरी सोडून सगळे बिनचूक केले. ती पायरी होती ‘वापरानंतर यंत्र धुवा’. त्यांनी चुलीवरचे कढत पाणी सरळ नळ्यांतून ओढले. दूध लागलेल्या नळीत आधीच कढत पाणी गेले तर दुधातली प्रथिने आतल्या बाजूला घट्ट बसतात. आधी कोमट पाण्याने दूध काढून टाकावे, मग गरम पाणी आणि धुण्याची पावडर, शेवटी साधे पाणी. व्हिडिओत हा भाग ‘आणि धुवायलाही सोपे’ एवढ्या वाक्यात संपला होता, आणि मीही तो तेवढ्याच वाक्यात उतरवला होता. मसुदा परत घेऊन त्या एका ओळीच्या सहा ओळी केल्या.

रोजच्या पायऱ्या पुस्तिकेत अडकवून न ठेवता एका ए-४ पानावर वेगळ्या छापून, लॅमिनेशन करून पंपाशेजारी टांगता येतील असे भोक पाडावे. ओल्या हाताने कोणी पुस्तिका उलगडत नाही. व्हिडिओतल्या माणसांचे चेहरे पुस्तिकेत येणार असतील तर त्यांची संमती लेखी घ्यावी. आणि मागच्या पानावर आवृत्तीचा महिना, यंत्राचा मॉडेल क्रमांक आणि ज्या व्हिडिओवरून मजकूर केला त्याची तारीख छापावी, म्हणजे पुढच्या वर्षी रेग्युलेटर पुन्हा बदलला की कोणत्या पायऱ्या तपासायच्या ते शोधत बसावे लागणार नाही.