हात धुण्याचा पाठ : प्रात्यक्षिक, तपासणी यादी आणि आठवड्याच्या नोंदीत या चुका टाळा

पहिली-दुसरीच्या वर्गात हात धुण्याचे महत्त्व सांगताना ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड टाकून साबण लावलेले बोट बुडवण्याचा प्रयोग हमखास केला जातो. मिरपूड झटक्यात कडेला पळते आणि मुले टाळ्या वाजवतात; परंतु ती पाण्याचा पृष्ठताण कमी झाल्याने पळते, जंतू तसे पळत नाहीत. साबण लागला की काम झाले, असा समज मुलांच्या मनात रुजतो आणि चोळण्याची गरजच त्यांना पटत नाही.

त्याऐवजी मुलांच्या तळहातावर दोन थेंब खोबरेल तेल आणि चिमूटभर दालचिनीची पूड चोळायला द्यावी. हाताला जखम किंवा चीर असलेल्या मुलांना मात्र नुसते निरीक्षण करू द्यावे. आधी केवळ पाण्याने, मग साबण लावून वीस सेकंद चोळून हात धुतल्यावर पूड कुठे उरली, हे मुलांनीच शोधावे. ती बहुधा अंगठ्याभोवती, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला सापडते. हळद वापरू नये, कारण साबणातल्या अल्कलीमुळे ती लाल होते आणि लहान मुले रक्त समजून घाबरतात.

तपासणी यादीत ‘हात धुतले का?’ हा एकच प्रश्न ठेवला, तर सगळ्यांचे उत्तर ‘हो’ येते. म्हणून जिथे पूड उरली, त्याच जागांची चित्रे यादीत असावीत : अंगठा, बेचके, नखे, हाताची मागची बाजू, शेवटी स्वतःच्या रुमालाचे चित्र, कारण सर्वांसाठी एकच टॉवेल ठेवल्यास धुतलेले हात पुन्हा मळतात.

आठवड्याची नोंद फसते ती बहुधा नळापाशी. तीस मुले आणि दोन नळ असतील, आणि प्रत्येकाने नळाखालीच मिनिटभर हात धुतले, तर पंधरा मिनिटे जातात. पोषण आहाराचा वास सुटलेला असताना भुकेली मुले तितका वेळ थांबत नाहीत आणि नुसते हात ओले करून पंगतीत बसतात. हात ओले करून साबण लावल्यावर बाजूला उभे राहून चोळायचे आणि मग पुन्हा नळाशी यायचे, असा क्रम लावला, तर प्रत्येकाला नळ पंधरा सेकंदच लागतो आणि सगळा वर्ग चार मिनिटांत आटोपतो. साबण जाळीत बांधून नळाशेजारी टांगावा, म्हणजे तो मातीत पडत नाही.

नोंद घरी भरायला देऊ नये. शनिवारी सहाही चौकटी एकाच पेन्सिलीने भरून येतात. जेवणापूर्वीची एकच वेळ निवडून जोडीदाराने एकमेकांचे हात पाहून तिथल्या तिथे खूण करावी आणि पूर्ण खुणांना बक्षीस ठेवू नये, कारण त्यामुळे खोट्या खुणा वाढतात. तक्ता खरा आहे की नाही, हे साबणाची वडीच सांगते : सोमवारी कागदावर तिची कड आखून ठेवावी आणि शनिवारी वडी वाळल्यावर त्याच कागदावर ठेवून पाहावी, खुणा भरलेल्या असूनही ती फारशी झिजली नसेल, तर पुढच्या सोमवारी दालचिनीचे प्रात्यक्षिक पुन्हा घ्यावे.